सफरचंद लोहामुळे काळं पडत नाही

चिरलेलं सफरचंद तपकिरी पडलं की ‘त्यात लोह भरपूर असतं, म्हणून ते गंजतं’ असं अनेक घरांत सांगितलं जातं. हे खरं नाही. शंभर ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं. या रंगामागे धातूचा हात आहे, पण तो धातू तांबं आहे.

सफरचंदाच्या पेशीत फिनॉल वर्गातली रसायनं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर दुसऱ्या. फळ अखंड असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि बाहेरची हवा आत शिरते. विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. त्यांच्या मदतीने हवेतला ऑक्सिजन फिनॉलमधला हायड्रोजन काढून घेतो. हेच ऑक्सिडीकरण. त्यातून क्विनोन तयार होतात आणि ते एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य बनतं. केळ्यातही हेच घडतं, फक्त तिथे मुख्य फिनॉल डोपामिन असतं. हो, आपल्या मेंदूत असतं तेच! चिरलेलं वांगं आणि बटाटा पाण्यात टाकायची आपली पद्धतही याच कारणाने उपयोगी पडते, कारण पाण्याखाली हवा कमी पोचते.

लिंबाचा रस इथे दोन वेगळी कामं करतो. त्यातलं सायट्रिक आम्ल विकराला मंदावतं. हे विकर सौम्य आम्लतेत जोमाने चालतं, पण लिंबाइतक्या आंबट रसात जवळजवळ ठप्प होतं. दुसरं काम क जीवनसत्त्वाचं, आणि मला ते अधिक विलक्षण वाटतं. तयार झालेल्या क्विनोनला ते हायड्रोजन परत देतं, म्हणजे रंग धरण्याआधीच त्याचं पुन्हा फिनॉल होतं. यात ते स्वतः खर्च होत जातं. साठा संपला की थोपवलेला रंग हळूहळू दिसू लागतो. म्हणून लिंबाने काळं पडणं लांबतं, कायमचं टळत नाही.

हे पडताळायचं तर एका फोडीला नुसतं व्हिनेगर लावा, दुसरीला पाण्यात विरघळवलेली क जीवनसत्त्वाची गोळी, तिसरीला लिंबाचा रस, आणि चौथी तशीच ठेवा. व्हिनेगरमध्ये आम्ल आहे, क जीवनसत्त्व नाही. त्यामुळे लिंबातल्या दोन घटकांपैकी कोण किती काम करतं ते दिसतं.

डब्यासाठी कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून सफरचंदाच्या फोडी त्यात तीन-चार मिनिटं बुडवा, निथळून झाकण घट्ट लावा. फोडी पूर्ण भिजायला हव्यात; कोरडा राहिलेला कोपराच आधी काळा पडतो. केळं मऊ असल्याने बुडवू नका, कापांना रस हलकेच चोळा. शिकरणात मात्र लिंबाने दूध फाटेल, तिथे केळं ऐन वेळीच चिरावं.