चार्जर, पुठ्ठ्याची थप्पी आणि बाहेर पडायची वाट

पाळी सुरू होण्याआधी गोदामाच्या फरशीवर, उभ्याउभ्याच, पाच-दहा मिनिटांची जी सूचना दिली जाते तिला कारखान्यांत आणि गोदामांत ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. भिवंडी किंवा चाकणच्या गोदामात पावसाळ्याच्या तोंडावर सुपरवायझरला अशा वेळी तीन गोष्टी सांगाव्या लागतात: फोर्कलिफ्टचे चार्जिंग, पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी आणि बाहेर पडायची वाट. एरवी या तीन वेगळ्या सूचना असतात. पावसाळ्यात मात्र त्या एकमेकींत गुंततात. पाऊस आत येतो म्हणून शटर खाली ओढले जाते, दाराजवळचा चार्जर आत सरकवला जातो, खोकी ओल धरतात आणि थप्प्या वाटेवर झुकू लागतात.

बहुतेक जुन्या विद्युत फोर्कलिफ्टमध्ये शिसे आणि आम्लाची बॅटरी असते. ४८ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी २ व्होल्टचे २४ सेल एकामागे एक जोडलेले असतात. चार्जिंगच्या बहुतांश काळात वीज आपले ठरलेले काम करते, म्हणजे पट्ट्यांवर जमलेल्या लेड सल्फेटचे पुन्हा शिसे आणि लेड डायऑक्साइड होते. बॅटरी साधारण ८० टक्के भरली आणि सेलचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला की चित्र बदलते. पट्ट्यांना घेता येत नाही तेवढी वीज सेलमधले पाणीच फोडू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांनी वर येतात. कान दिला तर ही खदखद ऐकू येते. हायड्रोजनला वास नाही. चार्जिंगच्या जागी येणारा उग्र वास आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा असतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असे धरून चालत नाही. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ते मिश्रण पेट घेऊ शकते आणि त्याला लागणारी ठिणगी इतकी क्षीण असते की हाताला जाणवतही नाही.

ही खदखद केव्हा होते हे महत्त्वाचे आहे. रात्री १० वाजता लावलेला आठ तासांचा चार्ज पहाटे ४ च्या सुमारास या टप्प्यात येतो. त्या वेळी गोदामात बहुधा फक्त पहारेकरी असतो. म्हणून रात्री प्लग लावतानाच जागा तपासून घ्यावी लागते.

एका बॅटरीचा हिशेब मांडून पाहता येतो. ६०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला शेवटच्या टप्प्यात ३० अँपिअर मिळत आहेत आणि ती सगळी वीज पाणी फोडण्यात जाते आहे असे धरू. एका सेलमधून १ अँपिअर-तासाला सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. २४ सेल आणि ३० अँपिअर म्हणजे तासाला ३२४ लिटर. हे प्रमाण सुरक्षित मानल्या जाणाऱ्या १ टक्क्याच्या आत ठेवायला तासाला सुमारे ३२ घनमीटर ताजी हवा पुरते. उंच छताच्या, वरून झरोके असलेल्या गाळ्यात तेवढी हवा आपोआप खेळते, आणि तिथे घाबरून जाण्याचे कारण नाही. अडचण कोपऱ्यात असते. पोटमाळ्याखाली प्लायवुड लावून केलेली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोली म्हणजे ३० घनमीटर हवा. तिथे दोन बॅटऱ्या दोन तास खदखदल्या तर १,२९६ लिटर हायड्रोजन जमतो, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. त्यातही हा वायू हवेच्या सुमारे चौदापट हलका असल्याने छताखाली तो आधी साठतो. पंखा किंवा झरोका खाली असून भागत नाही तो यामुळेच. चार्जिंगच्या वेळी बॅटरीचे झाकण उघडे ठेवायचे आणि डिस्टिल्ड पाणी चार्जिंगनंतरच भरायचे, कारण चार्ज होताना द्रव फुगतो आणि आधी काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर येते.

वायूचा धोका सगळ्यांना सांगितला जातो. रोजच्या कामात जास्त वेळा दिसणारा बिघाड मात्र प्लगमध्ये असतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. प्लग जिथे जुळतो तिथली धातूची पाती घट्ट बसली असतील तर त्यांचा रोध १ ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. ०.२ मिलिओहम रोधातून १०० अँपिअर वाहिले तर २ वॉट उष्णता होते आणि ती सहज निघून जाते. पाती सैल झाली, काळवंडली किंवा त्यांवर आम्लाचा थर बसला आणि रोध ५ मिलिओहम झाला की तीच वीज त्या अंगठ्याएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता तयार करते. प्लास्टिक तपकिरी पडते, केबलचे वेष्टन कडक होते, जळका वास येतो. चार्जिंग चालू असताना प्लगच्या बाहेरच्या कवचाजवळ हाताची मागची बाजू नेली तर ऊब लगेच कळते. असा प्लग बाजूला काढून बदलून घ्यायचा असतो. टेप गुंडाळल्याने आतला रोध कमी होत नाही.

पाती सैल होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे केबल धरून प्लग ओढणे. त्याहून वाईट म्हणजे चार्जर बंद न करता ओढणे. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीची वीज एकाच दिशेने सलग वाहते, म्हणून प्लग सुटताना तिची ठिणगी ताणली जाते, आणि ती उडते नेमकी खदखदणाऱ्या सेलच्या वर. आधी चार्जरचे बटण, मग प्लग, हा क्रम याचसाठी आहे.

लिथियमच्या नव्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडत नाहीत. तरी प्लग आणि चार्जर त्यांनाही लागतोच, आणि मार बसलेला किंवा बिघडलेला लिथियम सेल स्वतःच पेट घेऊ शकतो. इंग्लंडमधल्या अँडोव्हर इथे फेब्रुवारी २०१९ मध्ये ओकाडो या कंपनीचे यंत्रमानवांवर चालणारे गोदाम आगीत नष्ट झाले. चार्जिंग युनिटमध्ये विजेचा बिघाड झाला आणि यंत्रमानवाचे प्लास्टिकचे झाकण पेटले, तिथून आग पसरली. सुरुवात लहान होती, पण आसपास जळायला भरपूर होते.

म्हणून चार्जरभोवती दोन-तीन मीटरची पट्टी रिकामी ठेवतात. पावसाळ्यात हीच पट्टी पहिल्यांदा भरते. उघडलेली खोकी, पुठ्ठ्याचे तुकडे, गुंडाळायची प्लास्टिक फिल्म असे सगळे तिथे येऊन पडते आणि चार्जरच्या हवेच्या जाळीवर पुठ्ठ्याची धूळ बसते.

पुठ्ठा लवकर पेटतो याचे कारण त्याच्या रचनेत आहे. दोन पातळ कागदांमध्ये नालीदार कागद असतो, बाकी सगळी हवा. पातळ कागद भराभर तापतो आणि मागे उष्णता शोषून घेणारे काही नसते. दोन थप्प्यांमध्ये अरुंद फट असेल तर समोरासमोरच्या बाजू एकमेकींना तापवतात आणि गरम हवा वर चढताना खालून नवी हवा ओढून घेते. त्यामुळे आग आडवी पसरण्याआधी उभी वाढते. अग्निशास्त्रात ज्या आगीला वेगवान म्हणतात तिचा जोर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सुमारे १५० सेकंदांत ती १ मेगावॉटला पोहोचते आणि ३०० सेकंदांत ४ मेगावॉटला. उंच रचलेली खोकी बऱ्याचदा याहूनही वेगाने पेटतात. स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या खाली किमान ४५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर वरची खोकीच पाण्याचा फवारा अडवतात आणि बाजूच्या थप्प्या कोरड्या राहतात.

थप्पी किती उंच करायची याचा विचार बहुधा जागा किती उरली यावरून होतो. पावसाळ्यात तो खोक्याच्या ताकदीवरून करायला हवा. समजा, कोरड्या हवेत प्रयोगशाळेत एक खोके २८० किलोपर्यंत दाब सहन करते. भरलेल्या खोक्याचे वजन १० किलो आणि थप्पी आठ खोक्यांची, म्हणजे सर्वांत खालच्या खोक्यावर ७० किलो. चौपट ताकद हाताशी आहे असे वाटते. पण हवेत ९० टक्के आर्द्रता असली की पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्मी होते. उरले १४०. महिनाभर दाबाखाली उभे राहिले की आणखी सुमारे ४० टक्के जातात. उरले ८४. खोक्याचा मोठा भार त्याचे चार कोपरे पेलतात. वरचे खोके थोडे सरकून कोपरा कोपऱ्यावर बसला नाही तर आणखी ३० टक्क्यांपर्यंत घट होते आणि हाती ५९ राहतात. भार ७०चा. खालच्या खोक्याची बाजू बाहेर फुगते, पट्टी चिकटवलेली कड उकलते आणि थप्पी एका अंगाला कलते. फुगलेली बाजू ही आधी मिळणारी खूण असते. ती दिसताच वरची दोन-तीन खोकी उतरवून घ्यायची, कारण कललेल्या थप्पीला आधार म्हणून दुसरी थप्पी टेकवली तर दोन्ही एकदम कोसळतात. कोसळतात त्याही वाटेतच, कारण मोकळी जागा तेवढीच असते.

वाट अर्धी अडली तर माणसे दुप्पट वेळाने बाहेर पडतील असा सहज अंदाज होतो. प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त लागतो. चालणारा माणूस भिंतीपासून किंवा थप्पीपासून अंग राखतो आणि दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ३० सेंटिमीटर रुंदी वापरलीच जात नाही. १.२ मीटरच्या वाटेतली ०.९ मीटर कामाची असते. तिथे ६० सेंटिमीटर रुंद खोकी ठेवली तर ०.६ मीटर उरते आणि त्यातली कामाची फक्त ०.३, म्हणजे एक तृतीयांश. गर्दीत दर मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे १.३ माणसे जातात. पाळीवरच्या ६० माणसांना मोकळ्या वाटेतून जायला साधारण ५१ सेकंद लागतात, अडलेल्या वाटेतून १५४. तेवढ्या वेळात ती वेगवान आग १ मेगावॉटच्या पुढे गेलेली असते. धूर दाटला की चालण्याचा वेग आणखी निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे वाढतातच. ‘पाच मिनिटांसाठी’ वाटेत सोडलेले पॅलेट यात धरलेलेही नाही.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली मालक किंवा ताबेदाराला आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. वाटेतला माल मात्र दर तासाला हलतो, त्यामुळे ती तपासणी पाळीगणिक करावी लागते. सुपरवायझर पिवळ्या पट्ट्यांमधून शेवटच्या दारापर्यंत चालत जातो आणि दार आतून, किल्लीशिवाय, एका हाताने उघडते का ते पाहतो. विजेवर चालणारे शटर बाहेर पडायच्या दारांत मोजत नाहीत, कारण वीज गेली की ते आहे तिथेच थांबते. पावसासाठी खाली ओढलेल्या शटरशेजारी माणसाच्या उंचीचे वेगळे दार असावे लागते, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला ट्रक लागलेला नाही हे बाहेर पाऊल टाकूनच बघावे लागते.