मोबाइल नंबर झाकायचा, पण ग्राहक ओळखायचा

बिल करताना काउंटरवर मोबाइल नंबर विचारला जातो आणि आपण तो सांगून टाकतो. समजा, ही कपड्यांच्या दुकानांची साखळी आहे. नाशिकला एक दुकान, पुण्याला दोन. महिन्याअखेरीस मुख्य कार्यालयात हिशेब मांडणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं, की इतकी बिलं नेमक्या किती ग्राहकांची? नाशिकचा ग्राहक पुण्यातही आला का? त्यासाठी नंबर जुळवावे लागतात. पण त्याने ते वाचण्याची काहीच गरज नसते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेवटचे चार अंक ठेवून बाकीच्या जागी फुल्या मारणं. पावतीवर हे ठीक आहे, जुळवणीला मात्र कुचकामी. चार अंकांच्या जोड्या फक्त १०,००० होतात. ग्राहक ५०,००० असतील, तर एकेका जोडीवर सरासरी पाच माणसं येतात आणि पाच अनोळखी लोक हिशेबात एकच ग्राहक ठरतात.

म्हणून हॅशिंग वापरतात. एसएचए-२५६ सारखं गणिती सूत्र नंबरावरून ६४ अक्षरांचा संकेत तयार करतं. तोच नंबर पुन्हा दिला की तोच संकेत मिळतो, म्हणून जुळवणी होते. संकेतावरून उलटं जाऊन नंबर काढता येत नाही, म्हणून काम फत्ते झालं असं अनेकांना वाटतं. खरी फसगत इथेच होते.

उलटं जावंच लागत नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. खेळांसाठी विकलं जाणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० कोटींहून अधिक संकेत काढतं. सगळ्या नंबरांचे संकेत काढून चोरलेल्या यादीशी ताडून पाहायला काही सेकंद पुरतात.

न्यूयॉर्कमध्ये असं घडलं आहे. तिथल्या टॅक्सी आयोगाने माहिती अधिकाराच्या अर्जावरून २०१३ मधल्या सुमारे १७.३ कोटी फेऱ्यांची नोंद दिली. गाडीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक एमडी५ या सूत्राने झाकला होता. विजय पांडुरंगन या अभियंत्याने २०१४ मध्ये परवान्यांचे शक्य असलेले सगळे क्रमांक तयार केले आणि दोन तासांच्या आत सगळी यादी उघडी केली. सूत्र बदलून उपयोग नव्हता. क्रमांकच मोजके होते.

यावर उपाय म्हणजे नंबरासोबत एक गुप्त किल्ली मिसळून संकेत काढणं. या पद्धतीला एचमॅक म्हणतात. किल्ली म्हणजे यंत्राने निवडलेले ३२ यादृच्छिक बाइट. ती हाती नसेल, तर ४०० कोटी नंबर तपासूनही काही जुळत नाही. मात्र प्रत्येक नोंदीला वेगळी किल्ली दिली, तर एकाच ग्राहकाचे दोन संकेत होतात आणि जुळवणी संपते. किल्ली सगळ्या यादीला एकच हवी आणि विश्लेषकाच्या हाती पडता कामा नये. कोणताही नंबर टाकून संकेत मिळवण्याची सोयही त्याला नको. नाहीतर तो ओळखीच्या माणसाचा नंबर टाकून त्याची खरेदी शोधू शकतो.

संकेत काढण्याआधी नंबर एका साच्यात आणावा लागतो. एका काउंटरवर नंबरामागे +९१ लावतात, दुसऱ्यावर शून्य, तिसऱ्यावर मध्ये मोकळी जागा सोडतात. माणसाला हे तिन्ही एकच दिसतात, पण संकेत तीन निघतात आणि एक ग्राहक तिनदा मोजला जातो. आधी जागा, चिन्हं व सुरुवातीचा शून्य काढा, देशाचा क्रमांक एकसारखा लावा, मगच किल्ली वापरा.

उलटी चूकही होते. नंबर द्यायचा नसला की काउंटरवर दहा वेळा नऊ दाबतात किंवा रकाना रिकामाच ठेवतात. अशी हजारो बिलं एकाच संकेताखाली जमतात आणि एक अवाढव्य ‘ग्राहक’ तयार होतो. म्हणून सर्वाधिक वेळा आलेले वीस संकेत आधी तपासावेत. एकाच संकेतावर एकाच दिवशी तिन्ही दुकानांत शेकडो बिलं दिसली, तर तो ग्राहक नव्हे. असे नंबर संकेत काढण्याआधीच गाळावे लागतात.

एवढं केल्यावरही ही माहिती निनावी होत नाही. संकेताशेजारी पिनकोड, जन्मतारीख आणि खरेदीच्या वेळा असतील, तर नंबराशिवायही माणूस ओळखता येतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहितीच आहे. तेव्हा संकेतांची यादीही नंबरांच्या यादीइतकीच जपली पाहिजे, आणि बाहेरच्या जाहिरात संस्थेला द्यायची तर वेगळ्या किल्लीने काढून दिली पाहिजे.

यापुढे एखादी कंपनी ‘तुमचा नंबर आम्ही हॅश करून ठेवतो’ असं म्हणाली, तर तिला दोन प्रश्न जरूर विचारा: हॅश करताना गुप्त किल्ली वापरता का? आणि ती कोणाच्या ताब्यात असते?