डेटा कोण खातंय?

गेल्या महिन्यात भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याची एकच तक्रार होती. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की रोजचा दीड जीबी डेटा तासाभरात संपतो. त्याचं म्हणणं, "मामा, मी व्हिडिओ पाहतच नाही. नुसतं वर्डमध्ये टाइप करतो." त्याला व्हायरसची शंका होती आणि तो एक साफसफाईचं ॲप उतरवायच्या बेतात होता. मी म्हटलं, ते उतरवायलाही डेटाच लागणार. त्याआधी विंडोजमध्ये मुळातच असलेलं एक साधन उघडून बघू.

स्टार्ट मेन्यूत `resmon` असं टाइप करून एंटर दाबलं की रिसोर्स मॉनिटर उघडतो. त्यातल्या Network टॅबमध्ये सर्वात वर, त्या घडीला नेटवर्क वापरणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. नावापुढे PID, म्हणजे त्या चालू प्रोग्रामला विंडोजने दिलेला क्रमांक, आणि मग पाठवलेला, आलेला व एकूण डेटा. Total या मथळ्यावर क्लिक केलं की सर्वात खादाड प्रोग्राम वर येतो. आमच्या यादीत वर्ड कुठेच नव्हतं. पहिल्या ओळीत होतं svchost.exe, PID 4312, आणि Receive खाली साधारण 6,12,000.

हा आकडा वाचताना बरेच जण चुकतात. तो दर सेकंदाच्या बाइटचा आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे 0.6 एमबी, मिनिटाला 36 एमबी, आणि दीड जीबी चाळीस-बेचाळीस मिनिटांत फस्त. भाच्याचा हिशोब तिथेच जुळला. याच प्रोग्रामसमोर टास्क मॅनेजरमध्ये मात्र 4.9 Mbps असं दिसत होतं. दोन्ही आकडे बरोबरच. टास्क मॅनेजर बिट मोजतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आणखी एक गोष्ट म्हणजे रिसोर्स मॉनिटरचा आकडा त्या क्षणाचा नसून गेल्या मिनिटाची सरासरी असतो. त्यामुळे एखादा प्रोग्राम बंद केल्यावर तो लगेच शून्यावर येत नाही, हळूहळू उतरतो. "बंद केला तरी खातोच आहे" असं म्हणण्याआधी मिनिटभर थांबावं.

पण svchost.exe म्हणजे कोण? हे नाव पाहून घाबरायचं कारण नाही. विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा ज्यातून चालतात, ते हे सामाईक घर. यादीत अशी अनेक घरं दिसतात, म्हणून नुसत्या नावाने काही कळत नाही. आत कोण राहतं ते विचारावं लागतं. पूर्वी एकेका घरात बऱ्याच सेवा दाटीने असत. 2017 मधल्या विंडोज 10 च्या अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना स्वतंत्र घर मिळालं. त्यामुळे शोध सोपा झाला. कमांड प्रॉम्प्ट उघडून आम्ही लिहिलं:

```
tasklist /svc /fi "PID eq 4312"
```

उत्तर आलं DoSvc, म्हणजे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. विंडोजचे अपडेट आणि स्टोअरमधली ॲप उतरवण्याचं काम ही सेवा करते. चोर वगैरे कोणी नव्हता. महिनाभर नेटला न जोडलेला लॅपटॉप साचलेले अपडेट घेत होता. हॉटस्पॉटही त्याला घरच्या वाय-फायसारखाच वाटत होता, कारण इथे डेटा मोजून मिळतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या गुणधर्मांत जाऊन Metered connection चालू केलं. मिनिट-दीड मिनिटात svchost ची ती ओळ खाली घसरली.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र हे साधन अपुरं पडतं. chrome.exe वर आला, तरी त्याच्या वीस टॅबांपैकी कोणता डेटा ओढतोय हे रिसोर्स मॉनिटर सांगू शकत नाही. त्यासाठी क्रोममध्येच Shift+Esc दाबून त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडावा लागतो. शिवाय रिसोर्स मॉनिटरला मागचं आठवत नाही, तो आत्ताचंच दाखवतो. काल कोणी किती खाल्लं हे पाहायचं असेल तर Settings मधल्या Data usage मध्ये गेल्या तीस दिवसांचा ॲपनिहाय हिशोब मिळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा पुन्हा फोन घेऊन आला. डेटा परत संपला होता. या वेळी त्याने मला न विचारता सकाळीच resmon उघडून ठेवलं होतं, आणि तासभर त्यात काहीशे बाइटांपलीकडे काही हललं नव्हतं. मग लॅपटॉप सोडून आम्ही त्याच्या फोनच्या सेटिंगमधला डेटा वापर उघडला. फोटोंचा बॅकअप मोबाइल डेटावर चालू होता.