पोकळीची किंमत

जेट इंजिन कारखान्यात उचलताना, हलवताना ज्याला साखळी अडकवतात असा एक धातूचा कडीसारखा भाग इंजिनाच्या अंगावर बसवलेला असतो. त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याचं काम वर्षातून मोजक्या वेळा पडतं, पण तो काढून ठेवत नाहीत. विमान उडतं तेव्हा तोही उडतो. २०१३ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने या ब्रॅकेटचं वजन कमी करण्याची खुली स्पर्धा जाहीर केली. मूळ भाग २,०३३ ग्रॅमचा होता. चार बोल्टची भोकं आणि वरचा पिन अडकवायचा जोड जागेवरून हलवायचा नाही, ठरलेल्या जागेबाहेर जायचं नाही आणि सांगितलेले चार भार सोसायचे, एवढ्याच अटी होत्या. जगभरातून सातशेच्या आसपास आराखडे आले. इंडोनेशियाच्या एम. अरी कुर्नियावान यांचा पहिला आलेला आराखडा ३२७ ग्रॅमचा होता, म्हणजे मूळ वजनाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याचा. ही स्पर्धा संपली, पण तो ब्रॅकेट पुढे टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनच्या प्रोग्रॅमची परीक्षा घेण्याचं ठरलेलं गणित होऊन बसला. या प्रोग्रॅमना त्यात जे आकार सापडतात ते हाडासारखे, मुळांसारखे, फांद्यांसारखे दिसतात. ते पाहून दोन टोकाची मतं ऐकू येतात: यापुढे सगळे भाग असेच होणार, किंवा हे नुसतं चित्र आहे, कारखान्यात त्याचा उपयोग नाही. दोन्ही मतं आकाराकडे पाहून बनलेली आहेत. असा आकार व्यवहारात बसतो की नाही, हे तो कशाने घडवायचा आणि वाचलेल्या वजनाला कोण किती मोल देतो यावर ठरतं.

आधी हे गणित करतं काय ते पाहू. ब्रॅकेटला उपलब्ध असलेली सगळी जागा धातूने गच्च भरली आहे असं धरायचं आणि तिचे लाखभर छोटे घन तुकडे पाडायचे. बोल्टची भोकं कुठे घट्ट धरली आहेत आणि पिनवर किती ओढ कोणत्या दिशेने आहे, हे सांगायचं. मग प्रत्येक तुकडा भार पेलण्यात किती हातभार लावतो याचा हिशेब निघतो. अट अशी घालायची की एकूण जागेच्या, समजा, वीस टक्केच धातू वापरता येईल. तेवढ्यात भाग जास्तीत जास्त ताठ करून दाखव. जे तुकडे फुकट बसले आहेत त्यांचा धातू थोडा कमी होतो, जे राबताहेत त्यांचा वाढतो, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून होतो. अशा शेदोनशे फेऱ्यांनंतर धातू ठरावीक वाटांवर गोळा होतो आणि बाकी जागा रिकामी पडते. मधल्या फेऱ्यांत एखादा तुकडा अर्धा धातू आणि अर्धी हवा असाही असू शकतो, आणि असा तुकडा प्रत्यक्षात बनवता येत नाही. म्हणून हिशेबात एक शिक्षा ठेवलेली असते. घनता निम्मी झाली की ताठपणा निम्मा न धरता निम्म्याचा घन, म्हणजे एक अष्टमांश धरायचा. अर्ध्या धातूच्या मोबदल्यात आठवा हिस्सा ताठपणा हा तोट्याचा सौदा ठरतो, आणि गणित आपोआप ‘भरीव’ किंवा ‘रिकामं’ याच दोन टोकांकडे सरकतं. मार्टिन बेंडसो आणि नोबोरु किकुची यांनी १९८८ साली या विषयाचा पाया घातला. आज प्रचारात असलेली ही सोपी पद्धत त्याच वाटेवर पुढे आली.

आकार हाडासारखा दिसतो याचं कारण प्रोग्रॅमने निसर्गाची नक्कल केलेली नसते. वाकणाऱ्या भरीव पट्टीत वरचा आणि खालचा थर राबतो आणि मधला जवळजवळ बसून असतो. फक्त ओढ किंवा फक्त दाब सोसणाऱ्या काडीत मात्र सगळाच धातू कामाला लागतो. म्हणून गणित वाकणारी पट्टी मोडून ओढीच्या आणि दाबाच्या काड्यांचं जाळं करत जातं. ऑस्ट्रेलियातले अभियंते मिशेल यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं की सर्वांत हलक्या चौकटीत ओढीच्या आणि दाबाच्या काड्या एकमेकींना काटकोनात छेदत, वळत जातात. त्यांनी कागदावर सोडवलेलं सूत्र संगणक आता हव्या त्या वेड्यावाकड्या जागेत सोडवतो. जनरेटिव्ह डिझाइन ही त्याच्या पुढची व्यवस्था आहे. तोच प्रश्न वेगवेगळे धातू, वेगवेगळी घडणावळ आणि वेगवेगळे भार धरून अनेकदा सोडवायचा आणि उत्तरांची रांग माणसापुढे ठेवायची. जनरल मोटर्सने २०१८ साली सीटच्या एका ब्रॅकेटसाठी असे दीडशेहून जास्त पर्याय पाहिले. त्यातून निवडलेल्या नमुन्यात आठ सुटे भाग मिळून एकच भाग झाला आणि तो मूळ जोडणीपेक्षा चाळीस टक्के हलका होता.

हे गणित विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि न विचारलेल्याची त्याला अजिबात फिकीर नसते. स्पर्धेतल्या ब्रॅकेटला चार भार होते: सरळ वर सुमारे ३,६०० किलोची ओढ, आडवी सुमारे ३,८५० किलोची, तिरपी सुमारे ४,३०० किलोची आणि शिवाय पीळ. यातला फक्त वरचा भार दिला तर चार बोल्टांवरून पिनकडे चढणारे सडपातळ पाय मिळतात. त्यांना पीळ द्यावा तर तो अडवणारी एकही काडी त्यांत नसते, कारण पिळाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. जाडजूड मूळ ब्रॅकेटमध्ये जो धातू फुकटचा वाटत होता तोच अशा अनपेक्षित भाराच्या वेळी उपयोगी पडत असे. त्यामुळे भार चुकवला, तर आकार जितका कसलेला तितका तो अधिक धोक्याचा. दुसरी उणीव काड्या लचकण्याची. बारीक लांब काडी दाबाखाली तुटण्याआधी बाजूला वाकते आणि ताठपणाच्या साध्या हिशेबात ही गोष्ट दिसत नाही. एअरबसने ए-३८० विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या फासळ्या या गणिताने शोधल्या तेव्हा म्हणूनच मिळालेलं चित्र जसंच्या तसं वापरलं नाही. काड्या कुठे असाव्यात हे गणिताकडून घेतलं. त्यांची जाडी आणि वळणं दुसऱ्या टप्प्यात, लचकण्याचा हिशेब धरून ठरवली. उत्तर विश्वासाचं आहे का, हे तपासायची एक सोपी खूण आहे. तुकडे दुप्पट बारीक करून गणित पुन्हा सोडवायचं. काड्यांची मांडणी तीच राहिली तर ठीक. एका काडीच्या जागी दहा केसाळ काड्या आल्या तर काडीची किमान जाडी सांगायची राहिली आहे असं समजावं.

आता घडणावळ. ए-३८०च्या त्या फासळ्या अ‍ॅल्युमिनिअम कोरून केलेल्या होत्या, म्हणजे या आकारांना थ्री-डी प्रिंटिंगच लागतं हा समज खरा नाही. पण कोरण्यात प्रत्येक पोकळीला पैसे पडतात. विकत घेतलेल्या ठोकळ्याचा बराचसा भाग कीस होऊन खाली पडतो, तो पाडायला यंत्राचे तास लागतात, आणि कटर पोहोचेल तिथेच पोकळी होते. फासळी चपटी असल्याने एका बाजूने कोरता आली. ब्रॅकेटमधला चहूबाजूंनी वळणारा गुंता मात्र पाच अक्षांच्या यंत्रालाही जड जातो, कारण काडीच्या पाठीमागे हत्यार जाणार कुठून? धातूच्या पावडरवर लेसर फिरवून थरावर थर वितळवणाऱ्या प्रिंटिंगमध्ये हिशेब उलटतो. तिथे पोकळीला काहीच पडत नाही, भरीवपणाला पडतं, कारण वेळ वितळवलेल्या धातूवर आणि थरांच्या संख्येवर मोजला जातो. २,०३३ ग्रॅमचा ठोकळेबाज ब्रॅकेट छापायला ३२७ ग्रॅमच्या ब्रॅकेटहून महाग पडेल. जुना आकार तसाच छापणाऱ्याला प्रिंटिंग परवडत नाही आणि नवा आकार कोरणाऱ्याला कोरणं परवडत नाही. आकार आणि घडणावळ यांची जोडी जमावी लागते.

ही जोडी जमली तरी छपाईचे स्वतःचे नियम उरतात. जमिनीशी साधारण ४५ अंशांहून कमी चढ असलेली काडी आधाराशिवाय छापता येत नाही. खालून टेकू छापावे लागतात आणि नंतर ते तोडून काढावे लागतात. टेकूंचा धातू वाया जातोच, शिवाय गुंत्याच्या आत उभे राहिलेले टेकू काढायला हात किंवा हत्यार शिरत नाही. लेसरच्या तापण्या-थंड होण्याने भागात ताण साठतो. प्लेटवरून कापण्याआधी भाग भट्टीत शेकून तो घालवला नाही, तर कापताक्षणी भाग वेडावाकडा होतो. बोल्टची भोकं आणि पिनचा जोड नेमक्या मापाचे हवेत, म्हणून ते शेवटी मशिनवर करावेच लागतात, आणि एकही सपाट बाजू नसलेला भाग मशिनवर पकडायचा कसा हा नवाच प्रश्न उभा राहतो. छापलेला पृष्ठभाग खरखरीत असतो आणि वारंवार भार पडणाऱ्या भागात तडा बहुधा अशा खरखरीतून सुरू होतो. इंजिन उचलण्याच्या ब्रॅकेटवर भार क्वचित येतो, म्हणून तो या बाबतीत नशीबवान. दर मिनिटाला हजारदा हादरणाऱ्या भागाला हीच खरखर महागात पडेल. स्पर्धेतले निवडक दहा ब्रॅकेट छापून ओढून पाहिले तेव्हा त्यांतला एक पहिल्याच चाचणीत मोडला. बाकीचे पुढे पिळाच्या चाचणीला गेले. संगणकावर सगळे पास झालेले असले तरी ही प्रत्यक्ष चाचणी चुकवता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. टेकू नकोत, हत्यार पोहोचावं, साचा सुटावा अशा अटी आकाराला घालायच्या असतील तर सर्वोत्तम आकार उरला कुठे? खरं आहे, प्रत्येक अटीने वजन थोडं वाढतं. पण जो आकार घडवता येत नाही त्याचं हलकेपण कुणाच्या पदरी पडतं? अट नंतर लादण्यापेक्षा आधीच प्रश्नात घातली तर नुकसान बरंच कमी होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यात ओतायच्या बिडाच्या भागाचंच पाहा. पॅटर्न वाळूतून सरळ वर निघाला पाहिजे, म्हणून ओढण्याच्या दिशेला आडवी पोकळी नको. ती हवीच असेल तर वाळूचा वेगळा कोअर बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. गणिताला ओढण्याची ही दिशा सांगता येते. मग ते आरपार जाळं करत नाही, बाहेरून उघड्या फासळ्या काढतं. दिसायला हा भाग चारचौघांसारखा असतो, पण फासळ्या भाराच्या वाटेवर बसलेल्या असतात. वर्षाला हजारोंनी लागणाऱ्या भागासाठी हेच उत्तर बहुधा खरं, कारण साच्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. छपाईत मात्र हजाराव्या भागालाही पहिल्याइतकाच वेळ लागतो.

उरतो वजनाच्या मोलाचा प्रश्न. ब्रॅकेटवर वाचलेले सतराशे ग्रॅम विमानाच्या आयुष्यभर प्रत्येक उड्डाणात इंधन वाचवतात, आणि एका विमानावर असे भाग अनेक असतात. टायटॅनिअमची छपाई, भट्टी, मशिनिंग आणि तपासणी यांचा खर्च तिथे निघतो. जमिनीला बोल्टने कायम जखडलेल्या पंपाच्या बैठकीत सतराशे ग्रॅम वाचले तर काही रुपयांचं बीड वाचेल. उलट जड बैठक कंपनं सोसते, म्हणजे तिथे वजन कामाचंच आहे. त्यामुळे विचित्र आकार समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: सगळे भार सांगितले होते का, घडणावळ सांगितली होती का, आणि वाचलेल्या किलोचे पैसे कोण देणार. तिन्हींना उत्तर असेल तर हाडासारखा आकारही कारखान्यात रुजतो. पहिल्याला नसेल तर तो मोडेल, दुसऱ्याला नसेल तर तो बनणार नाही, आणि तिसऱ्याला नसेल तर तो बनवू नये. इंजिन उचलणाऱ्या त्या ब्रॅकेटला तिन्ही उत्तरं होती, म्हणून त्याच्यातली पोकळी परवडली.