पहिल्यांदाच टीम हाती आल्यावर काय वाचावे

चांगले काम करणाऱ्या माणसाला बढती मिळते, त्याच्या हाताखाली पाच-सहा जण येतात आणि आजवर ज्या कामावर त्याची किंमत ठरत होती, ते काम आता दुसऱ्यांनी करायचे असते. या टप्प्यावर वाचण्यासाठी पुस्तके भरपूर मिळतात. पण त्यांतली बरीचशी कंपनीच्या प्रमुखासाठी लिहिलेली असतात. नव्या टीम लीडला त्यांतली मोजकीच लागतात, आणि तीही एका दमात वाचून उपयोग नसतो. जो पेच समोर उभा राहील त्यावरचे वाचन त्या वेळी करावे.

सुरुवात पुस्तकाने न करता एका लेखाने करावी. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांचा हा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या नोव्हेंबर-डिसेंबर 1974च्या अंकात आला. अर्ध्या तासात वाचून होतो. पुढचे पाऊल कोणी टाकायचे, या जबाबदारीला लेखकांनी खांद्यावरचे माकड म्हटले आहे. हाताखालचा माणूस व्हरांड्यात गाठून अडचण सांगतो, साहेब ‘बघतो मी’ म्हणतात, आणि त्या क्षणी माकड उडी मारून साहेबांच्या खांद्यावर येते.

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला डिझाइन विभाग घेऊ. नवा लीड स्वतः उत्तम ड्रॉइंग करणारा. कनिष्ठ डिझायनर सोमवारी येऊन म्हणतो, “सर, फिक्श्चरचं क्लॅम्पिंग बसत नाहीये.” लीड फाइल मागवून घेतो, रात्री घरी बसून ड्रॉइंग दुरुस्त करतो. शुक्रवारपर्यंत अशी चार कामे त्याच्याकडे जमतात, टीममधले चौघे त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतात, आणि उशीर का झाला हे वरिष्ठ त्यालाच विचारतात. ऑन्केन-वॉस यांचा उपाय असा, की बोलणे संपण्याआधी पुढचे पाऊल कोणाचे आणि पुन्हा कधी भेटायचे, हे ठरलेच पाहिजे. सांगेपर्यंत थांबणे, काय करू म्हणून विचारणे, उपाय सुचवून मग कृती करणे, कृती करून लगेच कळवणे आणि स्वतःच करून ठरल्या वेळी अहवाल देणे, अशा पुढाकाराच्या पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणाला राहू द्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह आहे. वरच्या उदाहरणात लीडने एवढेच म्हणायचे: “दोन पर्याय काढ, त्यातला कुठला बरा ते ठरव आणि उद्या अकराला दाखव.”

लेख जमला, की पहिल्या महिन्यात अँड्र्यू ग्रोव्ह यांचे ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ घ्यावे. बुडापेस्टहून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले ग्रोव्ह पुढे इंटेलचे प्रमुख झाले. हे पुस्तक 1983चे आहे. त्यातली काही उदाहरणे जुनी झाली आहेत, तरी यादीतून एकच पुस्तक ठेवायचे म्हटले तर हेच ठेवावे. उकडलेले अंडे, टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम कशी द्यायची, या न्याहारीच्या हिशेबापासून ते सुरू होते आणि तिथून मुख्य सूत्राकडे येते: मॅनेजरचे उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचे उत्पादन, अधिक त्याच्या प्रभावाखालच्या शेजारच्या टीमचे उत्पादन. त्याने स्वतः किती ड्रॉइंग केली, याला या हिशेबात जागा नाही.

नव्या माणसाने यातली तीन प्रकरणे आधी वाचली तरी चालतील. पहिले काम सोपवण्याविषयी. आपल्याला उत्तम येणारे काम सोपवावे, असे ग्रोव्ह सांगतात, कारण त्यावर लक्ष ठेवणे सोपे जाते. प्रत्यक्षात नवा लीड नेमके उलट करतो. आवडीचे काम जवळ ठेवतो आणि स्वतःला न कळणारे दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. लक्ष केव्हा ठेवायचे, हेही न्याहारीच्या हिशेबातूनच कळते. नासके अंडे माल उतरवतानाच परत करावे, गिऱ्हाइकाच्या ताटात गेल्यावर नव्हे. म्हणून फिक्श्चरचे कच्चे रेखाटन सोमवारी पाहिले तर दहा मिनिटांत चूक सापडते. गुरुवारी तयार ड्रॉइंग पाहिले तर चार दिवस वाया जातात आणि डिझायनरचा हिरमोड होतो तो वेगळाच.

दुसरे प्रकरण ‘वन-ऑन-वन’ बैठकीचे. ही बैठक हाताखालच्या माणसाची असते. विषय त्याने ठरवायचे, मुद्दे त्याने लिहून आणायचे, आणि वेळ किमान एक तास, कारण अवघड गोष्ट माणूस शेवटीच काढतो. कामात नवा असलेल्याशी ती आठवड्याला, मुरलेल्याशी काही आठवड्यांनी. आपल्याकडच्या कचेऱ्यांत मात्र इथे एक अडचण येते. साहेबासमोर विषय मांडायची सवय नसते, त्यामुळे “सर, सगळं ठीक चाललंय” म्हणून बैठक पाच मिनिटांत आटोपते. अशा वेळी ‘काही अडचण?’ असे मोघम विचारू नये. ‘या आठवड्यात कुठल्या कामासाठी कोणाची वाट बघावी लागली?’ असा नेमका प्रश्न विचारला तर उत्तर मिळते.

तिसरे प्रकरण त्या-त्या कामातल्या तयारीविषयी. एखादा माणूस सर्वसाधारणपणे अनुभवी असतो, पण नवे काम दिले की तिथे नवशिका ठरतो. त्यामुळे देखरेखीचे प्रमाण माणसावरून न ठरवता त्या कामातल्या त्याच्या तयारीवरून ठरवावे. दहा वर्षे ड्रॉइंग केलेल्याला पहिल्यांदा पुरवठादाराशी बोलायला पाठवले, तर आधी सविस्तर सांगावेच लागते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लिंडा हिल यांचे ‘बिकमिंग अ मॅनेजर’ कामी येते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या या प्राध्यापिकेने विक्री आणि मार्केटिंगमधल्या 19 नव्या मॅनेजरांचे पहिले वर्ष जवळून पाहिले. पुस्तक 1992 साली आले. पद मिळाले म्हणजे अधिकार आणि मोकळीक मिळाली, ही त्यांची समजूत लवकरच उतरली. हुकूम सोडला की काम होते असे नाही, आणि जितका माणूस हुशार तितका तो निव्वळ हुकमावर कमी चालतो, हे त्यांना अनुभवातून कळले. एकेकाशी गोड बोलून प्रश्न सोडवण्याची दुसरी सवयही हिल दाखवून देतात: एकाला दिलेली सवलत बाकीचे पाहत असतात, तेव्हा सगळ्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पुस्तक जाडजूड आहे. ज्याला वेळ नाही त्याने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या जानेवारी 2007च्या अंकातला त्यांचा ‘बिकमिंग द बॉस’ हा लेख वाचावा.

अप्रेझल जवळ आले, की किम स्कॉट यांचे ‘रॅडिकल कँडर’ (2017) चाळावे. वाईट वाटेल म्हणून चूक न सांगणे हे समोरच्याचेच नुकसान, हा त्यातला मुद्दा पहिल्या शंभरेक पानांत स्पष्ट होतो. उरलेले सावकाश वाचले तरी चालते. स्कॉट गूगल आणि अॅपलमध्ये होत्या, त्यामुळे उदाहरणे तिथल्या मोकळ्या वातावरणातली आहेत. आपल्या कचेरीत चारचौघांत असे बोलणे महागात पडेल. ते दार लावूनच करावे. कामात मागे पडणाऱ्या माणसाबद्दल ग्रोव्ह यांची एक कसोटीही इथे जोडून वापरता येते: जीवावर बेतले तर हे काम त्याला जमेल का? जमणार असेल तर अडचण इच्छेची आहे. नसेल तर शिकवण्याची गरज आहे, आणि रागावून उपयोग नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी या यादीत कॅमिल फोर्निए यांचे ‘द मॅनेजर्स पाथ’ (2017) घालावे. त्यातले पहिले प्रकरण आपल्या वरिष्ठाकडून काय अपेक्षा ठेवावी यावर आहे, आणि बहुतेकांना तेच आधी लागते. शेवटची प्रकरणे बड्या पदांची आहेत, ती दोन-चार वर्षे बाजूला ठेवावीत.

पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ सहा महिन्यांनंतर घ्यावे. स्वतःचा वेळ कुठे जातो हे आठवणीवर विसंबून न सांगता लिहून पाहा, असे ड्रकर सांगतात. ही नोंद तीन-चार आठवडे ठेवावी. तिच्यात स्वतःच्या ड्रॉइंगचेच तास जास्त भरले, तर ऑन्केन-वॉस यांचा लेख पुन्हा काढून वाचावा.