एक वजा करा, एक बिट विझवा

आज एकच ओळ घेऊन बसलोय: `n & (n - 1)`. मुलाखतीत बिट्सचे जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे या एका ओळीवर सुटतात. पण ती नुसती पाठ केली की घात होतो.

आधी ती करते काय ते बघू. शाळेत १००० मधून १ वजा करताना आपण हातचा घेत घेत जायचो आणि उत्तर ९९९ यायचं. बायनरीतही तसंच. उजवीकडचे शून्य १ होतात आणि पहिला भेटलेला १ शून्य होतो. त्याच्या डावीकडचं काहीच हलत नाही. म्हणून मूळ संख्येशी `&` केलं की सगळ्यात उजवीकडचा १ तेवढा विझतो.

४४ घेऊ:

```
44 & 43:  101100 & 101011 = 101000  (40)
40 & 39:  101000 & 100111 = 100000  (32)
32 & 31:  100000 & 011111 = 000000  (0)
```

तीन फेऱ्यांत शून्य, म्हणजे ४४ मध्ये तीन सेट बिट. एकेक बिट सरकवत मोजलं असतं तर सहा फेऱ्या लागल्या असत्या. पीटर वेग्नर यांनी ही पद्धत १९६० साली छापली होती. पण मुलाखतीत ती कर्निघनच्या नावाने ओळखली जाते.

आता दोनाचा घात ओळखायचा. त्यात एकच सेट बिट असतो, म्हणजे पहिल्याच फेरीत शून्य यायला हवं. बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात. मग समोरचा शांतपणे विचारतो, "n शून्य असेल तर?" शून्यातही उत्तर शून्यच येतं, पण शून्य काही दोनाचा घात नाही. म्हणून:

```c
n > 0 && (n & (n - 1)) == 0
```

ते बाहेरचे कंस शोभेचे नाहीत बरं का. सी मध्ये `==` हे `&` च्या आधी चालतं. कंस काढले तर आधी `(n - 1) == 0` तपासलं जातं, आणि ८ ला उत्तर 'नाही' येतं. जावा हीच चूक कंपाइल होऊ देत नाही. पायथनमध्ये `&` आधी चालतं, त्यामुळे तिथे कंस नसले तरी चालतं.

पायथनचा सापळा वेगळा आहे. तिथे पूर्णांकाला ठरावीक लांबी नसते. -१ देऊन बिट मोजायला बसलात तर -२, -४, -८ असं होत राहतं, शून्य कधी येतच नाही, आणि लूप थांबत नाही. आधी `n &= 0xFFFFFFFF` केलं की ३२ बिट उरतात आणि उत्तर ३२ येतं.

तेव्हा कोड लिहून झाला की ०, १, ८ आणि -१ या चार संख्या हाताने चालवून बघा. समोरच्याने विचारायच्या आधी.