जुन्या लॅपटॉपवर खेळ अडखळतो, तो नेमका कुठे?

माइनक्राफ्टमधल्या जंगलातून पळायला लागावे आणि समोरची झाडे धक्के खात पुढे सरकावीत, हा अनुभव जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला असतो. अशा वेळी कीबोर्डवरचे F3 दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो आणि त्यापुढे fps अशी अक्षरे असतात. लॅपटॉप एका सेकंदात किती चित्रे काढतो आहे, ते हा आकडा सांगतो. तो 30च्या आसपास स्थिर असला की खेळ खेळण्याजोगा वाटतो. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी लॅपटॉपच्या हाती 33 मिलिसेकंद असतात. तेवढ्यात काम उरकले नाही की डोळ्यांना धक्का जाणवतो.

यासाठी 2015 सालच्या आसपासचा एक नेहमीचा लॅपटॉप घेऊ. इंटेलचा आय-5 5200यू प्रोसेसर, त्याच्याच पोटात बसवलेले एचडी ग्राफिक्स 5500, 4 जीबीची एकच रॅम आणि 1366 बाय 768चा पडदा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. असे लॅपटॉप आजही कित्येक घरांत कपाटावर पडून आहेत आणि त्यांच्यात अजून बराच जीव आहे.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सकडे मात्र ती नसते. चित्र काढायला लागणारी प्रत्येक गोष्ट त्याला साध्या रॅममधूनच आणावी लागते, आणि त्याच वेळी प्रोसेसरचीही त्याच रॅमकडे ये-जा चालू असते. डीडीआर3एल 1600 जातीची एक रॅम सेकंदाला जास्तीत जास्त 12.8 गिगाबाइट माहिती पुरवते. दोन स्लॉटमध्ये दोन रॅम बसवल्या की प्रोसेसर दोन्हींमधून एकाच वेळी माहिती ओढतो आणि हा आकडा 25.6 होतो. यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, फक्त वाट दुप्पट रुंद झाली. जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायचे असतील, तर खेळाच्या दृष्टीने पहिला खर्च दुसऱ्या रॅमवरच करावा.

जागा आहे की नाही, हे लॅपटॉप न उघडताही कळते. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, Performance मधले Memory निवडायचे आणि खाली Slots used हा शब्द शोधायचा. तिथे 1 of 2 असे दिसले तर एक स्लॉट रिकामा आहे. त्याखालीच Form factor लिहिलेले असते. SODIMM असेल तर रॅम काढता-घालता येते. Row of chips असेल तर ती बोर्डावरच डकवलेली आहे. आधीची 4 जीबी तशीच ठेवून शेजारी 8 जीबी घातली तरी चालते. मग दोन्हीकडचे 4-4 जीबी जोडीने काम करतात आणि उरलेले 4 एकेरी राहतात.

रॅमनंतर उष्णता. ओळखायची खूण सोपी आहे. खेळ पहिली दहा मिनिटे बरा चालतो, मग पंखा घोंगावू लागतो आणि fps एकदम कोसळतो. टास्क मॅनेजरमध्ये CPU खाली Speed पाहावा. या प्रोसेसरचा मूळ वेग 2.20 गिगाहर्ट्झ आहे. खेळ जोरात चालू असताना तो आकडा त्याच्या बराच खाली जाऊन तिथेच अडकला, तर बहुतेक वेळा प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. मागचे झाकण उघडल्यावर पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. खरा कचरा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत असतो. तिथे धुळीचा करड्या बनातीसारखा थर जमतो आणि पंख्याची हवा बाहेर पडूच देत नाही. बॅटरीची वायर आधी काढावी, हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे आणि तो थर चिमट्याने ओढून काढावा. जाळी उचललीच, तर वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. उघड्या चिपवर एकाच कोपऱ्यातून जोर आला तर तिचा टवका उडू शकतो.

धूळ नसतानाही एक अडचण उरते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. या चिपला एकूण 15 वॅटच्या मर्यादेत काम करायचे असते, आणि त्यातच प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांचे भागवायचे असते. प्रोसेसर टर्बोवर जाऊन 2.7 गिगाहर्ट्झकडे धावू लागला की ग्राफिक्सच्या वाट्याला कमी वीज उरते. म्हणून ज्या खेळात ग्राफिक्स कमी पडते, तिथे टर्बो बंद केल्यावर fps वाढू शकतो, आणि तापमान तर नक्की उतरते. कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी पुरतात:

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

पहिल्या ओळीतल्या 99च्या जागी 100 लिहून दोन्ही ओळी पुन्हा चालवल्या की सगळे पूर्ववत होते. ही सेटिंग चार्जर जोडलेला असतानाची आहे, आणि खेळायचे तर चार्जर लावूनच. ज्या खेळात प्रोसेसरच कमी पडतो, तिथे मात्र याने तोटा होईल. म्हणून एकाच जागी उभे राहून दोन्ही वेळचा आकडा पाहावा आणि मगच ठरवावे.

आता खुद्द खेळाकडे. माइनक्राफ्टमधली सगळ्यात भारी सेटिंग म्हणजे रेंडर डिस्टन्स. ती 12 असली की खेळाडूच्या चारही बाजूंना 12-12 चंक उभे राहतात, म्हणजे 25 गुणिले 25, एकूण 625. तीच 6 वर आणली की 13 गुणिले 13, म्हणजे 169. दिसायचे अंतर निम्मे होते आणि काम जवळपास चौथ्या हिश्शावर येते. इतर कोणतीही एक सेटिंग एवढे ओझे उतरवत नाही. त्यानंतर ग्राफिक्स फास्टवर ठेवावे आणि सोडियम नावाचा फुकट मिळणारा मॉड फॅब्रिकवर बसवावा. चित्र काढण्याची रीतच तो अधिक चपळ करतो. शेवटी Max Framerate 40 वर बांधून टाकावा. कधी 55, कधी 22 अशा उड्यांपेक्षा एकसारखे 40 डोळ्यांना कितीतरी गुळगुळीत लागतात, आणि चिपही कमी तापते.

इतर खेळांत हेच काम रिझोल्यूशन करते. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर प्रत्येक चित्रात सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके रंगवावे लागतात, 1280 बाय 720 वर 9 लाख 22 हजार. सावल्या आणि अँटी-अलायझिंग बंद केले की आणखी थोडे हाती लागते.

एक समजूत मात्र सोडून द्यावी. विंडोज ग्राफिक्सपुढे 128 एमबी दाखवते, म्हणून रजिस्ट्रीत तो आकडा वाढवण्याचे उपाय सर्रास सांगितले जातात. त्याने फक्त दाखवायचा आकडा बदलतो. ग्राफिक्स गरजेप्रमाणे रॅममधून जागा घेतच असते.

रॅम आणायला जाताना आधीच्या रॅमचा फोटो मोबाइलवर काढून न्यावा. या पिढीच्या लॅपटॉपला 1.35 व्होल्टची डीडीआर3एल लागते आणि लेबलवर PC3L-12800 लिहिलेले असते. L नसलेली 1.5 व्होल्टची रॅम त्याच स्लॉटमध्ये नीट बसते, पण लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता असते. दुकानातून निघण्यापूर्वी ते एक अक्षर लेबलवर पाहून घ्या.